सगळ्यांचं काम, मग माझं किती?

मैत्रिणींनो, बिरबलाची ती हौदाची गोष्ट आठवते ना? बादशहा फर्मान काढतो, की आज रात्री गावातल्या प्रत्येकाने हौदात एकेक घागर दूध ओतायचं. प्रत्येकाच्या मनात येतं, सगळे तर दूधच ओतणार, त्यात माझी एक घागर पाणी कुणाला कळणार? सकाळी बघतात तर हौद पाण्याने भरलेला! लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा वाटायचं, किती लबाड माणसं! आता चाळिशी ओलांडल्यावर, बचत गटाचं काम करता करता, मला त्या गोष्टीतले दोनच शब्द महत्त्वाचे वाटतात. एक 'रात्री' आणि दुसरा 'हौद'. रात्र, म्हणजे कोण काय ओततंय ते दिसत नाही. आणि हौद, म्हणजे एकदा ओतलं की माझं दूध कोणतं हे कुणालाच, अगदी मलाही, सांगता येत नाही. या दोन गोष्टी जिथे असतील तिथे चांगली माणसंसुद्धा हात आखडता घेतात. हे मला पुस्तकाने नंतर सांगितलं, आधी शिकवलं ते उडदाच्या पापडांनी.

आमचं वडनेर भोलजी मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, हमरस्त्यावर. चैत्र लागला की ऊन असं तापतं, की पापड-कुरडयांना दुसरं यंत्र नको. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला खामगावच्या एका दुकानदाराकडून पन्नास किलो उडीद पापडाची ऑर्डर मिळाली. गटात आम्ही बारा जणी. पन्नास किलो वाळलेला पापड हवा, तर भिजवलेलं पीठ साठेक किलो लागतं, कारण वाळताना किलोमागे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम घटतात. तिघींनी पीठ भिजवायचं, कुटायचं, वाळवणाकडे बघायचं आणि नऊ जणींनी लाटायचं, असं ठरलं. घरी एकटी बसले तर मी चार तासांत दोन किलो सहज लाटते. नऊ जणींचे धरले तर दिवसाला पंधरा-सोळा किलो कुठेच गेले नाहीत. चार दिवसांचं काम! पैसे? बाराही जणींना सारखे. बायकांचा गट आहे, त्यात कसला हिशोब, असं मीच मोठ्या तोंडाने म्हटलं होतं.

एका मोठ्या अंगणात सगळ्या बसलो. मधे लाट्यांची एकच परात, लाटलेले पापड एकाच मोठ्या सुती साडीवर. पहिल्या दिवशी गप्पा, गाणी, हसणं, आणि बारा किलो झाले. तिसऱ्या दिवशी नऊ. शेवटच्या दिवशी सहा! चार दिवसांचं काम सात दिवस चाललं. पीठ कोरडं पडू लागलं, पापडांच्या कडा चिरल्या. कुणी फोन आला म्हणून उठे, कुणी पाणी प्यायला गेली की अर्ध्या तासाने येई, कुणी एकच लाटी इतक्या प्रेमाने लाटे की बघत राहावं. आणि पाचव्या दिवशी आमच्या गटातली सगळ्यांत चपळ हाताची वहिनी आलीच नाही. मी तिच्या घरी गेले तर म्हणाली, "मले काय येड लागलं का ताई? मी पाच लाटतो अन् शेजारची दोन लाटते. पैसे दोघीले सारखे. आता मीबी दोनच लाटीन, नाहीतर येतच नाही."

मला तिचा रागही आला आणि उत्तरही सुचलं नाही.

दोरी ओढणारी माणसं

त्यानंतर माझ्या भाचीने तिच्या मानसशास्त्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण मला वाचायला दिलं, आणि वाटलं, अरे, हे तर आमचं अंगणच! इंग्रजीत याला 'सोशल लोफिंग' म्हणतात. आपल्याकडे त्याहून छान शब्द आहे, अंगचोरी. गटात राहून केलेली अंगचोरी.

फ्रान्समधल्या मॅक्स रिंगेलमान नावाच्या शेतकी अभियंत्याने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी माणसांना दोरी ओढायला लावली. एकेकट्याने किती जोर लागतो ते मोजलं आणि मग गटाने. 1913 साली त्याने हे आकडे छापले. आठ जण मिळून ओढू लागले, तेव्हा जोर लागला तो जेमतेम चार माणसांचा. म्हणजे निम्मी ताकद हवेतच विरली.

आता ही ताकद गेली कुठे? इथेच खरी मेख आहे. एक शक्यता अशी, की आठ जणांचा ताल जुळत नाही, एक ओढतो तेव्हा दुसरा दम घेतो. हा खोळंबा झाला, यात कुणाचा दोष नाही. दुसरी शक्यता, की माणूस मनातूनच कमी ओढतो. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या? अमेरिकेत ओहायोमध्ये लातानी, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघांनी त्यावर एक युक्ती काढली, 1979 साली. त्यांनी विद्यार्थ्यांना जोरात ओरडायला सांगितलं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर मोठ्या आवाजाचे हेडफोन. मग कधी सांगायचे, तू एकटा ओरडतोयस, आणि कधी सांगायचे, तुझ्याबरोबर आणखी पाच जण आहेत. प्रत्यक्षात तो एकटाच असे! तिथे ताल बिघडण्याचा प्रश्नच नाही. तरीही 'आपण सहा जण आहोत' एवढं नुसतं वाटल्यावर त्याचा आवाज एकट्याच्या आवाजाच्या साधारण तीन-चतुर्थांश झाला.

आणि उपाय? तोही त्यांनीच दोन वर्षांनी, 1981 साली दाखवला. या वेळी माणसांना सांगितलं, की गटात असलात तरी प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय. अंगचोरी जवळजवळ नाहीशी झाली. त्यातली एक गंमत मला फार बोलकी वाटली. ज्यांना सांगितलं होतं की कुणाचाच आवाज वेगळा कळणार नाही, ते एकटे असतानाही हळूच ओरडले. म्हणजे दोष गर्दीचा नव्हताच. आपला वाटा कुठे दिसणारच नाही, हे एकदा मनात बसलं, की माणूस एकटाही सैल पडतो.

आमच्या वहिनीचं काय झालं होतं तेही त्याच प्रकरणात सापडलं. दुसरे आपल्या जिवावर आरामात आहेत असं दिसलं, की मन लावून काम करणारा आधी चिडतो, मग मुद्दाम हात आखडतो. पैशाचं नुकसान त्याला चालतं, पण मूर्ख ठरणं चालत नाही. म्हणून गटातली सगळ्यांत चांगली बाई सगळ्यांत आधी जाते, आणि आपण म्हणतो, तिचा स्वभावच तापट!

लिज्जतच्या बहिणी काय करतात?

मग मला आठवलं, पापडाचाच धंदा, बायकांचाच, आणि साठ वर्षांहून जास्त चाललेला आपल्या महाराष्ट्रात आहे की! 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तो 'लिज्जत'. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. तिथे प्रत्येक सभासद 'बहीण' आहे आणि प्रत्येक बहीण मालकीण आहे. नफा सगळ्यांचा, नाव एकच. म्हणजे हौद तर तिथेही आहेच, तोही केवढा मोठा!

पण त्यांची रोजची रीत बघा. पीठ केंद्रावरच भिजवलं जातं, त्यामुळे चव सगळीकडे सारखी. बहीण सकाळी येते, आदल्या दिवशीचे आपले पापड देते. ते तपासले जातात, त्यांचं वजन होतं, आणि त्या वजनाप्रमाणे तिची लाटणावळ तिला मिळते. मग ती नवीन पीठ तोलून घेऊन घरी जाते. पाकिटात सगळ्यांचे पापड एकत्र होतात, पण ते एकत्र होण्याआधी प्रत्येकीचा पापड काट्यावरून आणि नजरेखालून गेलेला असतो. हौदात ओतण्याआधी घागर मोजली जाते. आणि वर नफा होईल तो सगळ्या मालकिणींचा. मला वाटतं, ही दोन्ही टोकं एकत्र धरली म्हणूनच तो पसारा टिकला.

आमची वही

गेल्या वर्षी त्याच दुकानदाराने पुन्हा विचारलं. निम्म्या जणी नको म्हणाल्या. वहिनी तर समोरच यायला तयार नव्हती. शेवटी मी तिला म्हटलं, "या वेळी वजन-काटा तुझ्या हातात." तेव्हा ती आली.

आधी आम्ही खोळंबा शोधला. ओढायच्या आधी ताल तपासावा ना! पहिल्या वर्षी परात एकच असल्याने पलीकडच्या दोघी-तिघी लाटीची वाट बघत बसायच्या. त्या आळशी नव्हत्या, त्यांच्यापर्यंत लाटीच पोचत नव्हती. ओळखायची खूण सोपी आहे. हातात लाटी नसताना बाई बसली असेल तर चूक मांडणीची. लाटी समोर असून हात थांबला असेल तर मग दुसरं कारण शोधा. म्हणून प्रत्येकीला सकाळी एक किलो पिठाचा गोळा तोलून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. तो संपला की दुसरा. प्रत्येकीची साडी वेगळी, साडीच्या टोकाला चिठ्ठी. वहीत नाव, नेलं किती, दुसऱ्या दिवशी वाळून आलं किती. वही ओसरीवर उघडी, कुणीही बघावी.

पहिल्याच दिवशी सोळा किलो झाले! कुणी कुणाला एक शब्द बोललं नव्हतं. पण मैत्रिणींनो, इथेच गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते. कारण मोजायला लागलो की नवीन भानगडी सुरू होतात.

पहिली भानगड म्हणजे, गोळा लवकर संपावा म्हणून काहींचे पापड जाड होऊ लागले. जाड पापड लवकर लाटून होतो आणि वजन तर तेवढंच भरतं. दुसरी, की काही पापड अर्धे ओलेच परत आले, कारण ओला पापड काट्यावर जास्त भरतो. असा पापड डब्यात गेला की आठ दिवसांत बुरशी. म्हणजे जे मोजाल तेच मिळतं, आणि आम्ही नुसतं वजन मोजत होतो. मग दोन नियम केले. किलोच्या गोळ्याचे निदान साठ पापड झाले पाहिजेत, आणि स्टीलच्या एका डब्याचं झाकण हेच सगळ्यांचं माप. वाळला की नाही ते बघायला ढिगातून कोणताही एक पापड मोडायचा. कडकन तुटला तर वाळला, वाकला तर परत उन्हात.

तिसरी भानगड मात्र मनाला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. एरवी सगळ्या धावत सुटून सगळंच वाळवण उचललं असतं. त्या दिवशी प्रत्येक जण आधी आपापल्या साडीकडे धावली. आमच्या एका मावशींचे गुडघे दुखतात, त्या पोचेपर्यंत त्यांचे शंभरावर पापड मातीत गेले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या पापड झटकत बसल्या. वहिनीच म्हणाली, "ताई, आपुन आता जास्तच मोजायले लागलो."

तिचं खरं होतं. सगळंच मोजून वाटलं तर दुसरीच्या कामाला हात लावायला कुणाला काय पडलंय? त्या संध्याकाळी बसून आम्ही वाटणी बदलली. खर्च जाऊन सहा हजार उरणार होते. त्यातून लाटणावळ किलोमागे साठ रुपये, साठ किलोचे तीन हजार सहाशे. पीठ कुटणाऱ्या आणि वाळवण बघणाऱ्या तिघींना दिवसाचे शंभरप्रमाणे चार दिवसांचे चारशे, म्हणजे बाराशे. आणि उरलेले बाराशे बाराही जणींत सारखे, पण एका अटीवर, की अख्खी ऑर्डर वेळेत आणि चांगली गेली तरच. दहा किलो लाटणारीला सातशे मिळाले, पाच किलो लाटणारीला चारशे. आदल्या वर्षी दोघींनाही पाचशेच मिळाले असते. आणि ते सारखे शंभर रुपये रकमेने लहान, पण त्यांच्यामुळे दुसरीची साडी उचलणंही स्वतःचंच काम झालं. मावशी लाटण्यातून उठून वाळवणाकडे गेल्या, आणि पापड मोडून बघायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांच्या हातून ओला पापड एकही सुटला नाही. कमी लाटणारीला वहीत उघडं पाडण्यापेक्षा तिला जमेल ते काम तिच्या नावावर लिहिणं, हे आम्ही त्यांच्यामुळे शिकलो. चार दिवसांत ऑर्डर पूर्ण झाली.

जिथे काटा चालत नाही

सगळंच काम तोलता येत नाही, हेही खरं. गावातली नाली साफ करायची, शाळेत झाडं लावायची, तिथे कुणाचा वाटा किती हे कसं सांगणार? अशा ठिकाणी दोन गोष्टी कामी येतात. एक म्हणजे मोठा गट फोडून लहान करायचा. पन्नास जणांना मिळून अख्खी नाली देऊ नका. पाच-पाच जणींना वीस-वीस फूट, चुन्याच्या रेघा मारून द्या. पाच जणींत एक गैरहजर असली तर लगेच कळतं, पन्नासांत कळत नाही. दुसरी गोष्ट, अख्ख्या गटाचं काम कशाशी तरी ताडून बघता आलं पाहिजे. काल किती झालं, आज किती, शेजारच्या गावात किती. संशोधकांनाही असं दिसलंय, की एकेकट्याचं मोजता आलं नाही, तरी 'आपला गट कितपत पुढे आहे' हे प्रत्येकाला स्वतःला तपासता आलं तर अंगचोरी कमी होते.

आमच्या शेजारच्या मोताळा तालुक्याने हे अनुभवलंय. 2018 साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळ्यातल्या सिंदखेडने साताऱ्याच्या भांडवलीबरोबर राज्यात दुसरा नंबर विभागून मिळवला. पंचेचाळीस दिवस भर उन्हाळ्यात श्रमदान, आणि पाणी आलं तर ते साऱ्या गावाचं. जो घरी बसला त्याच्याही विहिरीला तेच पाणी. अंगचोरीला याहून चांगली जागा कुठली? पण तिथे काम घनमीटरमध्ये मोजलं जायचं, मुदत ठरलेली होती, आणि दुसरी गावं काय करतात हे सगळ्यांना दिसत होतं. नुसतं 'गावासाठी या' म्हणणं वेगळं, आणि आज किती घनमीटर झालं ते दाखवणं वेगळं.

एक गोष्ट आपल्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. 1993 साली अमेरिकेत कॅराऊ आणि विल्यम्स या दोघांनी अठ्ठ्याहत्तर अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात बायका पुरुषांपेक्षा कमी अंगचोरी करतात असं निघालं. वाचून मला आनंद झाला, पण थोडा वेळच. कारण आपली खोड उलटी असते. काम महत्त्वाचं वाटलं की दुसरीचा वाटाही आपणच उचलतो. मुलीच्या कॉलेजात चौघींचा मिळून एक प्रोजेक्ट होता, आमची मुलगी रात्री बारापर्यंत एकटी लिहीत होती. "त्या करतच नाहीत ना आई!" मी म्हटलं, "तू करतेस म्हणून कळतच नाही की त्या करत नाहीत." दुसऱ्या वेळी चौघींनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं, कोणती माहिती कोण आणणार आणि कोणत्या तारखेला. प्रत्येक भागाखाली जिचं काम तिचं नाव. आणि सादर करताना आपला नाही, मैत्रिणीचा भाग समजावून सांगायचा. त्यामुळे दुसरीने काय लिहिलंय ते प्रत्येकीला वाचावंच लागलं. चौघींपैकी एकीने तरीही काही केलं नाही. पण या वेळी ती कोरी जागा तिच्याच नावाखाली राहिली, आमच्या मुलीने ती भरली नाही. मला वाटतं, तिला हेच सगळ्यांत अवघड गेलं.

या चैत्रात पुन्हा ऑर्डर आहे, या वेळी सत्तर किलोची. वही वहिनीने आपल्या घरीच ठेवली आहे. परवा बघितलं तर पहिल्या पानावर तिने बाराही नावं लिहून ठेवली होती, आणि पहिलं नाव मावशींचं होतं.